पाय हलत नसतील तर आधी हात पाहा : नवशिक्या बॅडमिंटन खेळाडूच्या फोटोतून पकड आणि पायांचे दोष कसे ओळखावेत

नव्याने बॅडमिंटन शिकणाऱ्या मुलांचे आणि मोठ्यांचे फोटो माझ्याकडे प्रशिक्षक या नात्याने सतत येतात, आणि त्यांच्यासोबत येणारी तक्रार बहुतेक वेळा एकच असते : पाय हलत नाहीत. या तक्रारीचे मूळ पुष्कळदा पायांत नसून रॅकेटच्या हँडलवर ठेवलेल्या बोटांत असते. म्हणून खालील तपासण्या एका ठरावीक क्रमाने दिल्या आहेत. सुरुवातीच्या तपासण्यांना काही खर्च नाही आणि त्या घरीच होतात, तर शेवटच्या टप्प्यावर जाणकार माणसाला प्रत्यक्ष दाखवावे लागते. वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्याचे आहे. डावखुऱ्यांनी उजवे-डावे उलट करून वाचावे.

लक्षणे

पुढीलपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील तर हा लेख तुमच्यासाठी आहे. डोक्यावरचे शटल मारताना खेळाडूची छाती सरळ नेटकडे असते आणि दोन्ही पावले एका रेषेत असतात. शटल जेमतेम कोर्टाच्या मध्यापर्यंत जाते आणि कितीही जोर लावला तरी बेसलाइनजवळ पोहोचत नाही. बॅकहँडला कोपर वर उचलले जाते, मनगट विचित्र वळते आणि शटल नेटमध्ये अडकते किंवा उंच उडते. शटलची वाट पाहताना टाचा जमिनीला चिकटलेल्या असतात आणि गुडघे जवळजवळ सरळ असतात. खेळ संपल्यावर पोटरीपेक्षा हाताचा पुढचा भाग जास्त दुखतो.

यातली पहिली तीन लक्षणे एकाच चुकीतून येऊ शकतात. चौथ्या लक्षणाची तपासणी पुढे स्वतंत्रपणे दिली आहे.

पहिली तपासणी : फोटोवर विश्वास ठेवता येतो का?

दोष शोधण्याआधी फोटो तपासावा, कारण चुकीच्या फोटोवरून दिलेला सल्ला चांगली सवयही मोडू शकतो. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला फोटो अनेक फोनमध्ये आरशासारखा उलटा साठवला जातो आणि उजव्या हाताचा खेळाडू डावखुरा दिसतो. टी-शर्टवरची किंवा रॅकेटवरची अक्षरे सरळ वाचता येतात का, एवढे पाहिले की हा प्रश्न मिटतो.

मागचा कॅमेरा वापरावा, तीन-चार मीटर दूर उभे राहावे आणि फोन खेळाडूच्या कमरेच्या उंचीवर धरावा. उभे राहून वरून खाली काढलेल्या फोटोत गुडघ्यांचा वाक कमी दिसतो आणि टाच उचललेली आहे की टेकलेली, हे कळतच नाही. वाइड लेन्स टाळावी. तिच्यात कडेला आलेली पावले ताणली जातात आणि दोन पायांतले अंतर खरे वाटत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फोटो कोणत्या क्षणाचा आहे, हे ठाऊक असले पाहिजे. सर्व्हिस घेताना डावा पाय पुढे आणि उजवा मागे असणे बरोबर आहे. रॅली सुरू असताना मध्यभागी वाट पाहणाऱ्या खेळाडूचा उजवा पाय अर्धे पाऊल पुढे असणे, तेही बरोबर आहे. दुहेरीत समोरच्याचा स्मॅश अडवायला उभे राहताना पावले जवळजवळ समांतर असतात. डोक्यावरून फटका मारून झाल्यावर पायांची अदलाबदल होते, त्यामुळे फटक्यानंतर लगेच काढलेल्या फोटोत उजवा पाय पुढे दिसतो आणि तो दोष नसतो. ही चारही चित्रे एकमेकांपेक्षा वेगळी आहेत आणि चारही योग्य आहेत. ‘पाय चुकीचा पुढे आहे’ असे ज्या फोटोंबद्दल मला कळवले जाते, त्यांतले बरेचसे फोटो सर्व्हिस घेतानाचे निघतात.

‘नीट उभा राहा, फोटो काढतो’ असे सांगून काढलेल्या फोटोत माणूस त्याला शिकवलेले आठवून उभा राहतो. असा एक फोटो जरूर काढावा, पण त्याच्या जोडीला रॅलीमधलाही एक हवा. एकात काय कळते ते दिसते, दुसऱ्यात काय मुरले आहे ते दिसते. हॉलमधल्या अपुऱ्या उजेडात हलती रॅकेट धूसर येते, कधी वाकडीही दिसते. म्हणून रॅलीसाठी स्लो-मोशन व्हिडिओ घेऊन त्यातली हवी ती फ्रेम थांबवून पाहणे चांगले. या तपासणीला चेहरा लागत नाही, तेव्हा मुलांचे फोटो इतरांना पाठवताना तो कापूनच पाठवावा.

दुसरी तपासणी : उभी रेघ की आडवी?

पकड ओळखण्याची मला सापडलेली सर्वांत सोपी रीत अशी. खेळाडूला त्याच्या नेहमीच्या पद्धतीने रॅकेट धरू द्यावी आणि पकड न बदलता हात समोर लांब करायला सांगावे, अंगठ्याची बाजू वर आणि तळवा डावीकडे, म्हणजे हस्तांदोलनासाठी हात पुढे करतो तसा. रॅकेटचे टोक कॅमेऱ्याकडे असावे आणि फोन हाताच्या उंचीवर असावा. आता फोटोत रॅकेटची चौकट जवळजवळ उभ्या रेघेसारखी दिसली तर मूळ पकड बरोबर आहे. थोडी कललेली असली तरी हरकत नाही. ती आडव्या रेघेसारखी दिसली, म्हणजे जाळी जमिनीला समांतर असली, तर खेळाडूने रॅकेट तव्याच्या दांड्यासारखी धरली आहे. हिलाच पॅनहँडल पकड म्हणतात. रेघ दोन्हींच्या मधोमध तिरकी असेल तर सवय अर्धवट आहे आणि रॅलीत ती बहुधा आडवीकडेच झुकते.

यामागचे कारण हँडलच्या आकारात आहे. हँडल गोल नसून अष्टकोनी असते. त्याच्या दोन रुंद बाजू जाळीला समांतर असतात, दोन अरुंद बाजू चौकटीच्या कडेच्या रेषेत येतात आणि उरलेल्या चार तिरक्या बाजू त्यांना जोडतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी जी खाच तयार होते, ती वरच्या अरुंद बाजूवर किंवा तिच्या लगेच डावीकडच्या तिरक्या बाजूवर यायला हवी. पॅनहँडलमध्ये ही खाच रुंद बाजूवर जाऊन बसते. हाताचा जवळून काढलेला एक फोटो सोबत असेल तर ही खाच थेट दिसते आणि रेघेच्या चाचणीची खातरजमा होते.

आता पायांचा संबंध पाहू, कारण या लेखातला मुख्य मुद्दा तोच आहे. पॅनहँडल पकडीत जाळी आपोआप नेटकडे तोंड करून राहते. शटलला रॅकेट लावण्यासाठी हाताचा पुढचा भाग फिरवावा लागत नाही, खांदा वळवावा लागत नाही आणि म्हणून उजवा पाय मागे नेण्याचेही काही कारण उरत नाही. खेळाडू समोर छाती करून उभा राहतो, कारण त्याच्या पकडीला तेवढेच पुरते. मूळ पकडीत मात्र जाळी नेटकडे वळवण्यासाठी हात कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला फिरवावा लागतो. या फिरण्याला जागा मिळावी म्हणून शरीर आडवे वळते आणि उजवा पाय मागे जातो. फटक्यातला वेगही बराचसा या फिरण्यातूनच येतो. शिकवणारा ‘पाय मागे घे, पाय मागे घे’ असे ओरडत राहिला आणि पकड तशीच राहिली, तर मूल पाय मागे नेईल, पण ऐन फटक्याच्या वेळी पुन्हा समोर वळेल, कारण तसे न केल्यास त्याची जाळी भलत्याच दिशेला पाहील.

इथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. नेटजवळचे वर आलेले शटल खाली ठोकताना चांगले खेळाडूही पॅनहँडलकडे झुकणारी पकड घेतात. तेव्हा नेटवरच्या एकाच फोटोवरून निकाल देऊ नये. दोष पकडीत नाही, तर प्रत्येक फटक्याला तीच पकड धरण्यात आहे.

तिसरी तपासणी : बोटे आणि हँडलची जाडी

खाच योग्य जागी असूनही बोटे चुकलेली असू शकतात. जवळच्या फोटोत चारही बोटे एकमेकांना चिकटून मूठ आवळलेली दिसत असेल, नखे किंवा बोटांचे सांधे पांढरे पडलेले असतील आणि तळवा व हँडल यांच्यामध्ये उजेडाची फटही दिसत नसेल, तर पकड फार घट्ट आहे. तर्जनी मधल्या बोटापासून थोडी सुटी आणि किंचित वर असावी. ती हँडलवर सरळ ताणून ठेवणे हीसुद्धा चूकच आहे, कारण ताणलेल्या बोटाला फटक्याच्या क्षणी आवळायला काही उरत नाही. पकड वाट पाहताना सैल आणि फटक्याच्या क्षणी घट्ट व्हायला हवी. आधीपासूनच आवळलेल्या हाताला पकड बदलता येत नाही, म्हणून बॅकहँडला अंगठा मागच्या रुंद बाजूवर जात नाही आणि बिचारे कोपर वर उचलून काम भागवावे लागते.

मुलाला दोष देण्याआधी हँडल तपासावे. घाम येतो म्हणून जुन्या ग्रिपवर नवी, तिच्यावर आणखी एक, अशा थरांमुळे अष्टकोनाच्या कडा बोटांना जाणवेनाशा होतात आणि खाच कुठे आली, हे हाताला कळत नाही. जादा ग्रिप काढून एकच पातळ ग्रिप लावणे हा या लेखातला सर्वांत स्वस्त उपाय आहे. अनेक कंपन्यांच्या मापांत जी ४ पेक्षा जी ५ चे हँडल बारीक असते. लहान हातासाठी रॅकेट घेताना दुकानात एवढे विचारून घ्यावे. उलट बाजूने, फार बारीक हँडलवर बोटांची टोके तळव्यात रुततात आणि मूठ आपोआप आवळली जाते. अशा वेळी एक थर वाढवणे योग्य.

चौथी तपासणी : टाच, गुडघा आणि बूट

पकड नीट झाल्यावरच पायांकडे वळावे. बाजूने काढलेल्या फोटोत आधी टाच पाहावी. वजन चवड्यांवर असेल तर टाच जमिनीला हलकी टेकलेली किंवा जरा उचललेली असते, इतकी की तिच्याखालून कागद सरकावा. मग गुडघ्यापासून खाली एक सरळ रेघ मनात काढावी. ती पावलाच्या पुढच्या भागावर पडली तर वाक पुरेसा आहे. ती घोट्यावर पडली तर पाय सरळ आहेत. नवशिके ‘खाली वाक’ याचा अर्थ कमरेतून वाकणे असा घेतात. तेव्हा फोटोत पाठ पुढे झुकलेली, कंबर मागे गेलेली आणि गुडघे सरळ दिसतात. समोरून काढलेल्या फोटोत पावलांमधले अंतर खांद्यांपेक्षा थोडे जास्त असावे. फार जास्त असेल तर पहिले पाऊल टाकण्याआधी पाय आत ओढावा लागतो आणि तेवढा वेळ जातो.

टाच टेकलेली दिसली की पायातले बूटही पाहावेत. आपल्याकडे सोसायटीच्या आवारात किंवा शाळेच्या हॉलमध्ये खेळणारी बहुतेक मुले धावण्याचे बूट घालून येतात. त्यांची टाच जाड आणि मऊ असते, वजन मागे टेकवायला सोयीची, आणि एकदम बाजूला जाताना घोटा मुरगळण्याची भीती अधिक. बॅडमिंटनच्या बुटांचा तळवा पातळ आणि जमीन धरणारा असतो. बूट बदलले म्हणून पाय हलतील असे नाही, परंतु जाड टाचेच्या बुटांत चवड्यावर राहा असे सांगणे म्हणजे मुलाला दुप्पट कष्ट देणे आहे.

पाचवी तपासणी : लंजमधला गुडघा

नेटजवळचे शटल घेण्यासाठी पुढे टाकलेल्या लांब पावलाचा, म्हणजे लंजचा, फोटो समोरून आणि बाजूने असे दोन्हीकडून घ्यावा. पुढे उजवाच पाय असावा, कारण डावा पाय पुढे आला की हाताची पोहोच कमी होते आणि परत यायला उशीर लागतो. पाऊल टाचेवर उतरून मग पूर्ण टेकावे आणि त्याची बोटे हालचालीच्या दिशेला असावीत. समोरच्या फोटोत गुडघा बोटांच्याच दिशेला आहे की आत, दुसऱ्या गुडघ्याकडे वळला आहे, हे बारकाईने पाहावे. बाकीचे दोष खेळ बिघडवतात, हा गुडघा बिघडवू शकतो. म्हणून तो दिसल्यास लंज लहान करून हळू सराव करावा आणि शटलचा वेग वाढवू नये.

एक प्रत्यक्ष उदाहरण

अकरा वर्षांच्या एका मुलाच्या वडिलांनी पाठवलेले फोटो या क्रमाने कसे वाचले, ते सांगतो. तक्रार होती की मागच्या कोपऱ्यात पाय जात नाहीत आणि बॅकहँड तर येतच नाही. पहिल्या फोटोत मुलगा डावखुरा दिसत होता. शर्टावरची अक्षरे उलटी होती, म्हणजे फोटो सेल्फी कॅमेऱ्याचा होता आणि मुलगा उजव्या हाताचा. नव्याने मागवलेल्या फोटोत रेघ स्पष्टपणे आडवी आली. जवळच्या फोटोत हँडलवर ग्रिपचे तीन थर होते आणि चारही बोटे एकत्र आवळलेली होती. फटक्याआधीच्या फ्रेममध्ये छाती नेटकडे, पावले समांतर. वाट पाहतानाच्या फोटोत टाचा पूर्ण टेकलेल्या आणि पायांत धावण्याचे जाड बूट.

पायांबद्दल आम्ही सुरुवातीला एक शब्दही बोललो नाही. दोन ग्रिप काढल्या आणि उरलेल्या ग्रिपवर वरच्या अरुंद बाजूच्या रेषेत पेनाने एक खूण केली. अंगठा आणि तर्जनीमधली खाच त्या खुणेवर बसवायची, शटलशिवाय हात फिरवायचा आणि मग वडिलांनी हाताने फेकलेले शटल हळू मारायचे, एवढाच सराव ठेवला. सुरुवातीला शटल डावीकडे कापले जाऊ लागले आणि वडिलांना वाटले की खेळ बिघडला. हे अपेक्षित होते. नवी पकड आली, पण हात पुरेसा फिरत नसेल, तर जाळी डावीकडे तोंड करून राहते आणि शटल तिकडेच जाते. याच टप्प्यावर बरीच मुले जुन्या पकडीकडे परततात, म्हणून पालकांना हे आधीच सांगून ठेवावे लागते आणि त्या काळात गुण मोजून सामने खेळवू नयेत.

काही आठवड्यांनंतरच्या फ्रेममध्ये उजवा पाय न सांगता मागे गेलेला आणि खांदा वळलेला दिसला. टाचा मात्र तशाच टेकलेल्या होत्या. म्हणजे तो दोष पकडीतून आलेला नव्हता. तिथे बूट बदलले आणि समोरचा खेळाडू फटका मारतो त्या क्षणी छोटी उडी घेऊन दोन्ही चवड्यांवर उतरण्याचा, म्हणजे स्प्लिट स्टेपचा सराव सुरू केला. ही उडी फोटोत पकडता येत नाही. ती वेळेवर आहे की उशिरा, हे कळण्यासाठी समोरच्या खेळाडूची रॅकेट आणि या मुलाचे पाय दोन्ही एकाच चौकटीत येतील असा व्हिडिओ लागतो.

घरचे प्रयत्न कुठे थांबवावेत?

‘नीट उभा राहा’ असे सांगून काढलेल्या फोटोत रेघ उभी येते, पण तीन-चार आठवड्यांच्या सरावानंतरही रॅलीच्या फ्रेममध्ये ती पुन्हा आडवी होत असेल, तर फोटो काढणे थांबवून प्रशिक्षकाकडे जावे. हा प्रश्न आता माहितीचा राहिलेला नाही. शटल येण्याच्या वेगाप्रमाणे सराव हळूहळू वाढवणारा माणूस समोर हवा. पायांची वेळ चुकत असेल तरीही हेच करावे.

लंजमध्ये गुडघा आत वळणे हळू सरावातही थांबत नसेल, किंवा एका पायावर उभे राहून थोडे वाकतानाही गुडघा आत पडत असेल, तर कारण कंबरेच्या आणि मांडीच्या स्नायूंत असू शकते. ते फिजिओथेरपिस्टने तपासायचे काम आहे. वाढत्या वयाच्या मुलाची टाच खेळल्यानंतर दुखत असेल, कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणे टिकून असेल, गुडघ्याला किंवा घोट्याला सूज असेल, तर पकड आणि उभे राहण्याची पद्धत यांत काहीही बदल न करता खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. पाय टेकवता येत नसेल तर त्याच दिवशी दाखवावे. दुखऱ्या पायाचा माणूस फोटोत टाच उचलून किंवा वजन एका बाजूला टाकून उभा राहतो, आणि ते चित्र वरच्या कुठल्याही तपासणीतून चुकीचेच वाचले जाईल.